१ जून की ६ जानेवारी? एक्सेलमध्ये उलटलेली तारीख ओळखायची कशी

राहाता तालुक्यातील पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला तो १ जून २०१७ रोजी. ११ जूनला राज्य सरकारने कर्जमाफी तत्त्वतः मान्य केली, २४ जूनला तिचा तपशील जाहीर झाला आणि २८ जूनला शासन निर्णय निघाला. या चार तारखा आपल्या नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे आधी दिवस, मग महिना, मग वर्ष अशा एका साध्या सीएसव्ही फाइलमध्ये लिहा. ती फाइल अमेरिकी तारीख-पद्धत लावलेल्या संगणकावर दोनदा टिचकी मारून एक्सेलमध्ये उघडा. आता संप ६ जानेवारीला सुरू झालेला असेल आणि सरकारने मागणी मान्य केलेली असेल ६ नोव्हेंबरला. मधले दहा दिवस ३०४ दिवस झालेले असतील. २४ आणि २८ जून या तारखा मात्र एक्सेलच्या लेखी तारखाच राहणार नाहीत. तो नुसता मजकूर असेल.

संपाची तारीख सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे ही चूक लगेच पकडता येते. पण ज्या मागणीसाठी तो संप झाला, त्या कर्जमाफीचा सगळा कारभार तारखांवर चालतो. कर्ज कधी उचलले, ते थकीत कधी झाले, शेवटची तारीख कोणती, यावर शेतकरी पात्र की अपात्र हे ठरते. हजारो ओळींच्या तक्त्यात एका खातेदाराची तारीख उलटली, तर ते कोणाच्या लक्षात येणार?

चूक दिसत का नाही?

एक्सेल तारीख तारखेच्या रूपात साठवत नाही. तो साठवतो एक आकडा, म्हणजे १९०० सालच्या सुरुवातीपासून मोजलेला दिवसांचा क्रमांक. १ जून २०१७ हा दिवस त्याच्या हिशेबात ४२८८७ आहे, तर ६ जानेवारी २०१७ हा ४२७४१. सीएसव्ही फाइलमध्ये मात्र असा आकडा नसतो, नुसती अक्षरे असतात. `01/06/2017` ही अक्षरे वाचून कोणता आकडा ठेवायचा, हे एक्सेल त्या संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगला विचारून ठरवतो. विंडोज बसवताना आलेली `English (United States)` ही निवड तशीच राहिली असेल, तर पहिला अंक महिना ठरतो आणि ४२७४१ साठवला जातो.

खरी मेख पुढे आहे. अमेरिकी सेटिंगच्या पडद्यावर ६ जानेवारी ही तारीख `1/6/2017` अशीच दिसते. म्हणजे फाइल उघडणाऱ्याला जे लिहिले होते तेच दिसत राहते. फरक पडतो तो फक्त पुढची शून्ये गायब होण्याचा, आणि तिकडे कोण बघतो? पुढे ही फाइल एक्सेलच्या स्वरूपात जतन होऊन भारतीय सेटिंगच्या दुसऱ्या संगणकावर जाते, तेव्हा तिथे `06-01-2017` उमटते. तिथल्या माणसासमोर मूळ फाइल नसते, त्यामुळे त्यालाही शंका यायचे कारण नसते. दोघांनीही आपापले काम नीट केलेले असते आणि तारीख बिघडलेली असते.

म्हणूनच नंतर सेलचे फॉरमॅट `dd-mm-yyyy` करून घेणे हा उपाय नव्हे. अनेक कार्यालयांत पहिला प्रयत्न तोच होतो. फॉरमॅट बदलल्याने आकडा कसा दाखवायचा एवढेच बदलते. ४२७४१ हा आकडा कोणत्याही पोशाखात ६ जानेवारीच असतो.

कोणत्या तारखा उलटतात?

सगळ्या नाही. दिवस १३ किंवा त्यापुढचा असेल तर तो महिना होऊच शकत नाही, कारण तेरावा महिना नसतो. अशा तारखा एक्सेल समजू शकत नाही आणि मजकूर म्हणून तशाच सोडून देतो. दिवस आणि महिना सारखेच असतील, जसे ६ जून किंवा ९ सप्टेंबर, तर उलटूनही काही बिघडत नाही.

हिशेब सोपा आहे. वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी १ ते १२ या दिवसांच्या तारखा १४४ भरतात. त्यातल्या १२ सारख्या अंकांच्या, म्हणून निर्धोक. उरलेल्या १३२ तारखा गुपचूप उलटतात आणि २२१ तारखा मजकूर होऊन बसतात. या २२१ तारखा म्हणजे डोकेदुखी असे वाटते, कारण त्यांच्यावर सूत्र चालत नाही, क्रम लावला की त्या तळाला जातात, कोणीतरी तक्रार करतो. प्रत्यक्षात त्याच आपल्या मित्र आहेत. त्या ओरडून सांगतात की इथे काहीतरी बिनसले आहे. घात होतो तो न ओरडणाऱ्या १३२ तारखांनी.

त्यात एक वाईट सवय भर घालते. मजकूर झालेल्या ओळी दिसल्या की ऑपरेटर तेवढ्याच हाताने दुरुस्त करतो आणि रकाना एकसारखा झाला म्हणून फाइल पुढे पाठवतो. बिघाडाचा एकमेव पुरावा त्याने पुसून टाकलेला असतो.

कर्जमाफीच्या खिडकीत काय होते

महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना, २०१९ हिचा नियम घेऊ. १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात उचललेले अल्पमुदत पीक कर्ज ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकीत असेल आणि रक्कम दोन लाखांपर्यंत असेल, तर ते माफीस पात्र. त्या योजनेच्या याद्यांत तारखा उलटल्या होत्या असा दावा इथे नाही. पण अशा नियमावर उलटलेल्या तारखेचा परिणाम किती होतो, हे त्यातून नेमके मोजता येते.

समजा, एका शेतकऱ्याने खरिपासाठी ३ जून २०१५ रोजी कर्ज उचलले. तारीख उलटली की ते ६ मार्च २०१५ होते. म्हणजे १ एप्रिलच्या आधीचे. शेतकरी अपात्र. याउलट ज्याने खरोखरच ६ मार्चला कर्ज घेतले, त्याचे कर्ज ३ जूनला गेलेले दिसते आणि तो पात्र ठरतो. २०१५ मध्ये एप्रिल ते डिसेंबर या नऊ महिन्यांत १, २ किंवा ३ तारखेला कर्ज उचललेला प्रत्येक जण असा खिडकीबाहेर फेकला जातो, तर जानेवारी ते मार्चमध्ये ४ ते १२ तारखांना उचललेला प्रत्येक जण आत येतो. बाहेर जाणारे दिवस २७ आणि आत येणारे दिवसही २७.

हा सारखेपणा धोकादायक आहे. लाभार्थ्यांची एकूण संख्या फारशी हलली नाही, तर वरच्या पातळीवर पडताळणी करणाऱ्याला बेरीज ठीक दिसते. बदललेली असतात ती माणसे.

बिघडलेल्या ओळी कशा शोधायच्या?

एका विकास सोसायटीच्या कर्जवाटपाचा काल्पनिक तक्ता घेऊ. १०१ ते १०७ असे सात कर्ज क्रमांक. सचिवाच्या खतावणीत तारखा अशा आहेत: १०१ ला २८ मे, १०२ ला २९ मे, १०३ ला १ जून, १०४ ला ३ जून, १०५ ला ६ जून, १०६ ला १० जून आणि १०७ ला १५ जून, सगळ्या २०१५ च्या. हा तक्ता अमेरिकी सेटिंगच्या संगणकातून गेला. आता १०१, १०२ आणि १०७ मजकूर आहेत. १०३ झाले ६ जानेवारी, १०४ झाले ६ मार्च, १०५ जागेवर आहे आणि १०६ गेले ६ ऑक्टोबरला. तपासणाऱ्याकडे खतावणी नाही, फक्त हा बिघडलेला तक्ता आहे.

पहिली तपासणी: कोणत्या ओळी आकडा आहेत आणि कोणत्या मजकूर? रिकाम्या रकान्यात `=ISNUMBER(B2)` लिहून खाली ओढले की ओळींचे दोन गट पडतात. आता आकडा असलेल्या ओळींचा दिवस `=DAY(B2)` ने काढा. मोठ्या तक्त्यात एकही दिवस बाराच्या वर नसेल आणि मजकूर असलेल्या सगळ्या ओळींत मात्र दिवस तेरा किंवा पुढचा असेल, तर निदान पक्के. हा योगायोग असू शकत नाही. रकाना आख्खा उलटला आहे. आपल्या तक्त्यात चारही आकड्यांचा दिवस ६ आहे. तो ६ म्हणजे खरे तर जून महिना, दिवसाच्या जागी येऊन बसलेला.

दुसरी तपासणी कर्ज क्रमांकाची. क्रमांक ओळीने दिले जात असतील, तर क्रमांक वाढताना तारीख मागे जाऊ शकत नाही. ज्या तारखांचा दिवस बाराच्या वर आहे, त्यांचा अर्थ एकच निघतो, म्हणून त्यांना खुंटे समजायचे. इथे १०२ चा २९ मे आणि १०७ चा १५ जून हे दोन खुंटे. मधल्या प्रत्येक ओळीची तारीख या दोघांच्या दरम्यान पडायला हवी. १०३ ची ६ जानेवारी पडत नाही, उलटून पाहिली तर १ जून होते आणि चपखल बसते. १०४ ची ६ मार्च पडत नाही, ३ जून बसते. १०६ ची ६ ऑक्टोबर पडत नाही, १० जून बसते. खतावणी न पाहता तिन्ही ओळी सुटल्या.

उलटून पाहण्याचे सूत्र नव्या रकान्यात लिहायचे, मूळ रकान्याला हात लावायचा नाही:

```
=IF(ISNUMBER(B2),
 DATE(YEAR(B2),DAY(B2),MONTH(B2)),
 DATE(RIGHT(B2,4),MID(B2,4,2),LEFT(B2,2)))
```

आकडा असेल तर दिवस-महिन्याची अदलाबदल होते. मजकूर असेल तर शेवटची चार अक्षरे वर्ष, मधली दोन महिना आणि पहिली दोन दिवस म्हणून घेतली जातात. मजकुरात आधी-नंतर मोकळी जागा असेल तर ती आधी काढावी लागते.

मजकूर उरलाच नाही तर?

हा अवघड प्रकार. काही साधने जास्तच समजूतदार असतात. पायथनच्या `pandas` या संचाच्या २.० पूर्वीच्या आवृत्त्या, म्हणजे एप्रिल २०२३ च्या आधीच्या, प्रत्येक तारखेचा वेगळा विचार करत. `03/06/2015` दिसली की महिना आधी धरून ६ मार्च. `15/06/2015` दिसली की पंधरावा महिना नसतो म्हणून दिवस आधी धरून १५ जून. एकाच रकान्यात दोन पद्धती, आणि मजकूर म्हणून एकही ओळ उरत नाही. २.० पासून पहिल्या तारखेवरून पद्धत ठरते आणि पुढची तारीख तिच्यात बसली नाही तर काम त्रुटी दाखवून थांबते. अनेकांना हा बदल जाचक वाटतो. पण थांबलेले काम दुरुस्त करता येते, पुढे निघून गेलेली चूक नाही. पद्धत आपणच `format="%d/%m/%Y"` अशी सांगितली तर प्रश्नच राहत नाही.

अशा समजूतदार साधनातून आलेल्या तक्त्यात वरचे सूत्र आंधळेपणाने लावू नये. १५ जूनवर ते चालवले तर `DATE` पंधरावा महिना नाकारत नाही. बारा महिने पुढच्या वर्षात ढकलून तो ६ मार्च २०१६ देतो, तेही एका शब्दाची तक्रार न करता. म्हणून दिवस बारा किंवा कमी असलेल्या ओळीच तपासायच्या.

इथे बिघाड आहे की नाही हे कॅलेंडरवरून कळते. खरिपाचे कर्जवाटप एप्रिल ते जुलैमध्ये दाटते. तारखा अशा अर्ध्या उलटल्या, तर जूनचे पहिले बारा दिवस जवळजवळ ओस दिसतात, फक्त ४ ते ७ या तारखा भरलेल्या, आणि १३ पासून एकदम गर्दी. जूनमधली माणसे गेलेली असतात इतर महिन्यांच्या ६ तारखेला. सप्टेंबर, ऑक्टोबरसारख्या महिन्यांत ४, ५, ६, ७ या चारच दिवशी उंचवटे दिसतात, कारण ते खरे तर एप्रिल, मे, जून, जुलै आहेत. दिवसवार संख्या मोजून एक साधा स्तंभालेख काढला, तरी हे दात आल्यासारखे दिसते.

रविवारही मदतीला येतो. बँकेचे कर्जवाटप रविवारी होत नाही. `=WEEKDAY(B2)` चे उत्तर १ आले की तो रविवार. निरोगी तक्त्यात रविवार जवळजवळ नसतात. तारखा उलटल्या की त्या आठवड्यात कुठेही पडतात, त्यामुळे उलटलेल्या ओळींपैकी सुमारे सातवा भाग रविवारी सापडतो. मात्र या तपासणीने रोग आहे एवढेच कळते, प्रत्येक रोगी सापडत नाही. आपल्या सात ओळींत ६ जानेवारी आणि ६ ऑक्टोबर हे मंगळवार आहेत, ६ मार्च शुक्रवार. एकही जाळ्यात येत नाही.

तिसरा साक्षीदार म्हणजे दुसरी तारीख. परतफेड कर्जवाटपाच्या आधी झालेली दिसली, किंवा ऑगस्टमध्ये तयार झालेल्या फाइलमध्ये नोव्हेंबरची नोंद दिसली, तर ती ओळ बाजूला काढावी.

सरसकट उलटवण्याचा मोह

निदान झाले की आख्खा रकाना एका सूत्राने उलटवून टाकावा, असे वाटते. एकाच फाइलमधून, एकाच वेळी आलेला रकाना असेल तर ते बरोबरही ठरते. पण जिल्ह्याच्या पातळीवरचा तक्ता असा नसतो. पाच सोसायट्यांच्या फाइली जोडलेल्या असतात, त्यातल्या दोन अमेरिकी सेटिंगमधून आलेल्या असतात, एक भारतीय सेटिंगमधून, काही ओळी कोणीतरी हाताने भरलेल्या. सरसकट उलटवले तर चांगल्या तारखा बिघडतात आणि बिघाडाची रेषा कुठून कुठे गेली हे कायमचे हरवते. म्हणून प्रत्येक ओळ कोणत्या फाइलमधून आली याचा रकाना हवा, आणि तपासणी फाइलनिहाय व्हायला हवी. तो रकाना नसेल तर आधी तो मिळवावा, सूत्र नंतर.

हे सगळे करायचे कोणी? आजवरची रीत अशी की यादी लागते, नाव नसलेला माणूस चकरा मारतो, आणि चूक सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. त्याच्या हातात पासबुक असते, सेलमधला आकडा नसतो. तक्ता स्वीकारणाऱ्या कार्यालयाकडे मात्र लाखभर ओळी एकत्र असतात, आणि वरच्या बहुतेक तपासण्या एकत्र ओळींवरच चालतात. त्यामुळे यादी लागण्यापूर्वी त्या तिथेच व्हायला हव्यात. आलेली अक्षरे जशीच्या तशी एका वेगळ्या रकान्यात जपून ठेवणे आणि तारीख `2015-06-03` अशी, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने मागणे, एवढे पोर्टलने केले तरी दोन अर्थ निघायची सोयच उरत नाही. हा क्रम आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकात १९८८ पासून आहे. फाइल उघडणाऱ्यानेही दोनदा टिचकी मारण्याऐवजी `Text Import Wizard` मधून ती आणून रकान्याला `DMY` सांगावे. गुगल शीट्समध्ये `Settings` मधले `Locale` आधी भारत करावे. आणि अपात्र ठरवलेल्या शेतकऱ्याला कारण सांगताना तारीख '३ जून २०१५' अशी महिन्याच्या नावासह दाखवावी. ६ मार्च वाचल्यावर चूक त्याच्याइतक्या लवकर दुसऱ्या कोणाच्याही लक्षात येणार नाही.

तरीही काही ओळी उरतात. समजा, २०१७ मधल्या १२० क्रमांकाच्या आधीचा खुंटा २५ मे आहे आणि नंतरचा २० जुलै. ओळीत ७ जून आहे, उलटली तर ६ जुलै होते. दोन्ही मध्ये बसतात, दोन्ही दिवशी बँक उघडी असू शकते. तक्ता इथे उत्तर देत नाही आणि सूत्राने ते काढूही नये. अशा ओळींना आधी दोन ढीग करावे. ज्यांच्या दोन्ही शक्य तारखा १ एप्रिल २०१५ च्या एकाच बाजूला पडतात, त्यांची पात्रता बदलत नाही. १२० क्रमांक त्यातलाच, २९ दिवसांच्या व्याजाचा फरक तेवढा उरतो आणि तो नंतर पाहता येतो. ज्यांची एक तारीख खिडकीत आणि दुसरी बाहेर आहे, त्यांची यादी वेगळी काढून, त्या सोसायटीची खतावणी मागवून, एकेक पान उघडून पाहावे लागते.